दोन बदकं साबण आणि किसनची मान

किसन जाधव साबण विकायचा, आणि त्याची मान काळी होती. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येणं म्हणजे न्हाव्याच्या डोक्यावर जटा असण्यासारखं.

तसा तो सावळाच. पण मानेचं काळेपण वेगळं होतं. गळ्याभोवती पट्टा बांधावा तशी ती काळी वळी फिरलेली होती. जाडसर, बारीक रेघारेघांची, आणि बोट फिरवलं तर मखमलीसारखी मऊ. काखेत तेच, बोटांच्या पेरांवर तेच. एका दिवसात आलेलं हे नव्हतंच. किसनचं पोट जसजसं पँटच्या वर आलं तसतशी मान काळवंडत गेली. आधी तो म्हणायचा ऊन. मग म्हणायचा घाम. मग काहीच म्हणेनासा झाला, कारण म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घर बदलापुरात कात्रपला, चाळीत. बायको चांगुणा दर रविवारी त्याला मोरीत उकिडवा बसवायची आणि वजरीने मान घासायची. टाचेच्या भेगांसाठी असलेली ती खरबरीत वजरी मानेवर फिरली की किसनच्या डोळ्यांत पाणी यायचं. मान लाल व्हायची आणि लालीच्या आत काळीच राहायची.

"मळ नाय हो हा," चांगुणा एकदा हात थांबवून म्हणाली. "मळ असता तर कॉलरला लागला असता. तुमची कॉलर बघा, पांढरी धोप."

"तू घास," किसन म्हणाला.

बाई लाखमोलाचं बोलली होती. पण घरच्या बाईचं लाखमोलाचं बोलणं ऐकून घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही.

किसनला मळाची धास्ती होती, आणि ती साबणाच्या धंद्यातून आलेली नव्हती. त्याचे वडील भगवान चामटोलीचे. छप्पन सालानंतर गावातल्या ज्या घरांनी बौद्ध धम्म घेतला त्यातलं त्यांचं घर. भगवान अंबरनाथला कारखान्यात जायचे, आणि घरी आले की आधी आंघोळ, मग पांढरा सदरा, मग पाणी. "आपल्याला पिढ्यान्पिढ्या घाण म्हटलंय," ते पोरांना सांगायचे. "आता कुणाला तोंड उघडायला जागा ठेवायची नाही." वडील गेले, पण ते वाक्य किसनच्या घरात भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीशेजारी राहायला होतं. त्यामुळे कुणी नुसतं मानेकडे पाहिलं तरी किसनला ते आपल्या बापाकडे पाहिल्यासारखं लागायचं.

साबण बनायचा उल्हासनगरात, खूबचंद सेठच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक प्रचंड कढई आणि ठसा मारायचं एक यंत्र. ठशात दोन बदकं एकमेकांकडे तोंड करून बसलेली. बदकंच का, हे सेठला कुणी विचारलं की तो म्हणायचा, "साईं, बतख कभी मैला देखा?" खूबचंद लहानपणी आईबापांबरोबर सिंधमधून येऊन इथल्या छावणीतल्या बराकीत वाढलेला. त्याने किसनला कामावर घेताना जात विचारली नव्हती, आडनावही विचारलं नव्हतं; विचारलं होतं, "आवाज कितना बड़ा है?" किसनने कारखान्याच्या दारातून एक आरोळी ठोकली, समोरच्या दुकानातला शिंपी बाहेर आला, आणि नोकरी पक्की झाली. बाजाराहून परतलं की सेठ त्याला समोर बसवून दालपकवान आणि जिलबी खायला घालायचा. किसनचं पोट निम्मं सेठनेच वाढवलेलं होतं.

विक्रीची रीत ठरलेली. बाजारात पाट टाकायचा, पाण्याची बादली ठेवायची, आणि गर्दी जमली की किसन आपल्या दंडापासून मनगटापर्यंत गाडीचं वंगण फासायचा. मग दोन बदकांची वडी घेऊन तो हात सगळ्यांसमोर धुवायचा. वंगणाखालून चकचकीत हात निघाला की आरोळी: "मळ म्हणेल पळ!" बायका वडी उचलायच्या. हे वर्षानुवर्षं चाललं, आणि पुढेही चाललं असतं, जर बदलापूरच्या बाजारात मोतीबाईने त्याच्या शेजारी सुकटीची टोपली मांडली नसती.

मोतीबाई आगरी बाई. कपाळावर मोठं कुंकू आणि आवाज असा, की किसनला कामावर घेणारा सेठ तिला आधी भेटला असता तर किसनचं काही खरं नव्हतं. तिने हात धुण्याचा खेळ शांतपणे पाहिला आणि म्हणाली, "हात धुतलास त्ये झालं. आता तुजी मान धू."

गर्दी हसली. किसनने ऐकलं नाही असं दाखवलं.

"आरं बाबा, साबू तुजा, पानी तुजा, मान पन तुजीच. मंग काय अडलंय?"

आता मागे फिरणं शक्य नव्हतं. किसनने कॉलर खाली केली आणि मान धुतली. फेस झाला, फेस गेला, मान तशीच. पुन्हा फेस. वडी झिजत चालली. कुणीतरी म्हणालं मागून चोळ, कुणी म्हणालं पाणी गरम पाहिजे. बारवी धरणाकडून तांदूळ विकायला आलेला एक म्हातारा पुढे झाला आणि त्याने आपल्या धोतराचा सोगा किसनच्या मानेवरून दोनदा ओढला, जणू काही जनावर पुसतोय. मान तशीच. दोन बदकं पाण्यात विरून गेली, आणि त्या दिवशी एकही वडी खपली नाही.

किसन उल्हासनगरला गेला तो राजीनामा मनात घेऊन. सेठने सगळं ऐकलं, चष्मा वर केला, मान वळवून वळवून पाहिली आणि खुर्चीत मागे टेकला.

"लोग कितने थे?"

"बाजार सगळा."

"पूरा बाजार?" सेठच्या डोळ्यांत चमक आली. "किसन, पूरा बाजार तो कभी आया नहीं था. अपना साबण हाथी को सफेद कर दे, तेरी गर्दन क्या चीज है?"

आणि अशा रीतीने किसनची मान कंपनीची झाली.

पुढच्या बाजारी सेठने पाटी रंगवून दिली: 'हट्टी मळाला आव्हान'. लोक खरोखरच मान बघायला येऊ लागले. अंबरनाथहून लोक बदलापूरला यायचे आणि मान बघून परत जायचे. प्रत्येकाकडे औषध असायचंच. कुणी लिंबू आणलं, कुणी चिंच, कुणी राख. एक शहाणा रॉकेल घेऊन आला. त्याला मोतीबाईनेच हाकललं. साबणही खपायचा, कारण तमाशा फुकट बघून रिकाम्या हाताने जायची लोकांना लाज वाटायची. तिकडे कारखान्यात सेठ कढईजवळ उभा राहून कॉस्टिक सोड्याचं माप वाढवत होता. 'दोन बदकं स्पेशल' निघाला. त्याने किसनच्या मानेचं सालपट निघालं. सालपटाखालून मान आली ती आणखी काळी.

"तरक्की है," सेठ म्हणाला. "हिल तो रहा है."

किसन ते सोसत होता, कारण त्यालाही आशा होती. एखाद्या दिवशी भर बाजारात खालून स्वच्छ मान निघेल आणि सगळे बघतील, हे स्वप्न तो रोज बघायचा. रात्री लघवीला उठायचा, माठातलं पाणी पिऊन पुन्हा पडायचा, पुन्हा उठायचा, आणि प्रत्येक वेळी अंधारात मानेवर हात फिरवून पाहायचा. तहान इतकी का लागते, हा प्रश्न त्याला पडला नाही. मानेपुढे दुसऱ्या प्रश्नांना जागाच नव्हती.

मग ऐन मे महिन्यात सेठ गळ्यात मफलर घालून कारखान्यात आला.

उल्हासनगरचा मे, शेजारी उकळती कढई, आणि लोकरीचा मफलर. सेठ मालक होता, त्याने रजई पांघरली असती तरी कुणी बोललं नसतं. पण दालपकवान आलं की तो ते आता पुढे ढकलायचा. पँट दोरीने बांधायचा. आणि एक दिवस चहा आला तेव्हा किसनने पाहिलं की चहावाल्या पोऱ्याच्या जाळीतल्या एका ग्लासाला तळाशी लाल रंगाचा ठिपका आहे. तो ग्लास त्याच्यापुढे ठेवला गेला. दुसऱ्या दिवशीही तोच, तिसऱ्या दिवशीही तोच.

किसनला कळायला वेळ लागला नाही. चामटोलीला देवळाशेजारच्या हॉटेलात त्याच्या आज्याचा कप बाहेर वळचणीला टांगलेला असायचा, ही गोष्ट त्याने बापाकडून ऐकली होती. त्याने तो चहा प्यायला नाही. त्याने ग्लास उचलला आणि सेठच्या टेबलावर ठेवला.

"सेठ, हा ठिपका कशाला?"

सेठने दार लावलं. मफलर काढला. खाली किसनचीच मान होती. तीच काळी, जाड, मखमली वळी, फक्त हाडकुळ्या गळ्यावर.

"तूने लगाया," सेठ म्हणाला. आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती. "तेरी गर्दन से मेरी गर्दन. कपड़े में, तौलिये में, ग्लास में, कहीं से तो आया. होली तक मैं साफ था."

किसनला भयंकर राग आला. मग तो म्हणाला, "उद्या अंबरनाथला चला. चामडीची डॉक्टरीण आहे. तिने माझ्यासमोर सांगू दे की हे माझं तुम्हाला लागलं. सांगितलं तर मी नोकरी सोडतो. नाही सांगितलं तर तो ग्लास तुम्ही फोडायचा."

डॉ. शालन मोरे सरकारी कॉलेजात शिकून आपल्याच गावात परत आलेल्या. अंबरनाथ स्टेशनजवळ वरच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. दोन माणसं एकदम आत आली, दोघांनी एकदम शर्टाची बटणं काढली आणि एकदम एकमेकांकडे बोट दाखवलं, असं त्यांच्या दवाखान्यात पूर्वी झालं नसावं. सेठने भेट म्हणून साबणाची वडी टेबलावर ठेवली.

"आधी कोण?"

"आधी हा. याच्यापासून सुरू झालं," सेठ म्हणाला.

किसनने वजरी, लिंबू, कॉस्टिक सगळं सांगून टाकलं. शालनताईंनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि किसनच्या मानेवर दाबून घासला. मग बोळा उजेडात धरला. तो पांढरा होता.

"काही मळ असे असतात, की जे साबणाने निघत नाहीत पण स्पिरिटने निघतात," त्या म्हणाल्या. "हा निघाला नाही. हा मळ नाहीच. ही तुमची कातडीच जाड झालेली आहे. घासून जाणार नाही. उलट घासल्याने आणि तुमच्या त्या कॉस्टिकने अजून काळी होईल. वजरी, लिंबू, सगळं आजपासून बंद."

किसन बोळ्याकडे बघत राहिला. "मॅडम, तो मी ठेवू का?"

"कशाला?"

त्याने बोळा कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवला, वडिलांची वस्तू ठेवावी तसा.

मग शालनताईंनी काखा पाहिल्या, पेरं पाहिली, पोटाचा घेर मोजला, आणि मानेशी ज्याचा काही संबंध नाही असं किसनला वाटलं ते सगळं विचारलं. तहान लागते का. रात्री उठावं लागतं का. घरात कुणाला साखर होती का. आईला होती, तिच्या पायाची जखम शेवटपर्यंत भरली नव्हती. शालनताईंनी मान हलवली आणि समजावून सांगितलं. आपल्या अंगात साखर जिरवणारा एक रस तयार होतो. पोट सुटलं की पुष्कळदा अंग त्या रसाचं ऐकेनासं होतं. मग अंग तो रस आणखी जास्त तयार करतं. रक्तात वाढलेला तो रस कातडीला जाड व्हायला लावतो, मानेला, काखेला, पेरांना. कातडी आधी बोलते, साखर नंतर. "तुमची मान बरीच वर्षं सांगत होती, तुम्ही तिला घासत बसलात. उद्या उपाशीपोटी रक्त द्या, जेवणानंतर पुन्हा द्या."

"आणि हे लागतं का?" किसनने सेठकडे न बघता विचारलं. "एकाचं दुसऱ्याला?"

"नाही. शिवून नाही, टॉवेलने नाही, ग्लासाने नाही. कुणाचं कुणाला लागत नाही."

किसनला त्या क्षणी खुर्चीवर उभं राहून आरोळी ठोकावीशी वाटली. सेठ मात्र खूश झाला, वेगळ्याच कारणाने.

"मतलब मुझे भी शक्कर. लिख दो मैडम, जो इसको वही मुझे."

शालनताईंनी सेठची मान पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. कधीपासून? होळीपासून. म्हणजे दोन-तीन महिन्यांत एवढं? हो. खाज? रात्रभर. त्यांनी ओठ उलटा करून पाहिला. आतली कातडीही खरखरीत. तळहात पाहिले, जाड, रेघा खोल गेलेल्या. जेवण? नको वाटतं, चार घासांत पोट भरतं. वजन? किसनने दोरीकडे बोट दाखवलं.

त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि त्या हात धुऊन समोर बसल्या.

"सेठ, रंग एकच आहे, पण गोष्ट दोन आहेत. यांचं वर्षानुवर्षं सावकाश आलं, पोट वाढताना आलं. तुमचं झपाट्याने आलं, वजन उतरताना आलं, तोंडात आणि तळहातावरही आलं. तुमच्या वयाच्या माणसात असं झालं की आत काही वाढतंय का ते बघावंच लागतं, आणि बहुतेक वेळा जठरात. असेलच असं मी म्हणत नाही. पण मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात जाऊन दुर्बिणीने पोट तपासा. पुढच्या महिन्यात नाही, या आठवड्यात. चिठ्ठी देते."

सेठने शर्टाची बटणं लावली, चुकीच्या काजांत. "मैं गर्दन दिखाने आया था," तो जिन्यात म्हणाला. "बाई पेट मांगती है."

किसनच्या रक्तात साखर निघाली, चांगली भरपूर. गोळ्या सुरू झाल्या, जिलबी सुटली, आणि रोज संध्याकाळी कात्रपहून रेल्वेच्या फाटकापर्यंत चालणं आलं. चांगुणाने वजरी पुन्हा टाचेच्या कामाला लावली आणि कॉलरचं वाक्य एकदाच, अगदी मोजक्या शब्दांत आठवून दिलं. सेठ मात्र मुंबईला गेला नाही. तो कारखान्याच्या मोरीत बसून दिवसभर मान घासू लागला.

"मैल है," तो म्हणायचा. "मैल ही है. मेरा साबण, मेरी गर्दन."

जन्मभर लोकांना मळाची भीती घालून साबण विकलेला माणूस आता मळ असू दे म्हणून देवाला विनवत होता. किसनला आधी बरं वाटलं, हे खोटं कशाला बोला. ठिपक्याचा ग्लास अजून जाळीत होता. घास म्हणावं, कळू दे घासणं काय असतं. पण दोरीची गाठ रोज आत सरकत होती, आणि दोन दिवसांनी ते बरं वाटणं आंबून गेलं.

"सेठ, चिठ्ठी कुठाय?"

"मेरा बड़ा भाई पेट से ही गया," सेठ एकदम म्हणाला. "बंबई गया था, दूरबीन डाली, और गया." मग त्याने डोकं वर केलं. "बाजार में चलेंगे. तू मेरी गर्दन धोएगा, सबके सामने. मैल निकला तो मैं जीता."

"आणि नाही निघाला तर मुंबई?"

सेठने मान खाली घालून पुन्हा पाणी ओतलं. किसनने तो होकार धरला.

बदलापूरचा बाजार त्या दिवशी भरला तसा जत्रेतही भरत नाही. मालकाची मान नोकर धुणार, ही बातमी चामटोलीपर्यंत गेली होती. सेठ पाटावर बसला, उघडाबंब, बरगड्या मोजाव्यात असा. हशा पिकायला लागला होता तो त्या बरगड्या बघून विरला. मोतीबाईने सुकटीवर फडकं टाकलं आणि पुढे येऊन उभी राहिली.

किसनने वडी भिजवली. साधी, स्पेशल नव्हे. ज्या माणसाने त्याचा ग्लास वेगळा केला होता त्याच्या गळ्याभोवती त्याने दोन्ही हात ठेवले आणि लहान मुलाला न्हाऊ घालतात तशी मान धुतली. घासलं नाही, चोळलं नाही. पाणी ओतलं. मान काळीच. मग त्याने खिशातून बाटली काढली. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून मागून आणलेलं स्पिरिट होतं ते. नवा कापूस भिजवून त्याने मानेवर दाबून फिरवला आणि बोळा वर धरला, वंगणाचा हात धुतल्यावर धरायचा तसाच. मग खिशातल्या कागदातून स्वतःचा जुना बोळा काढून त्याच्याशेजारी धरला. त्याच्या त्या मोठ्या आवाजाला त्या दिवशी आरोळीची गरज पडली नाही.

"हा माझा. हा सेठचा. दोन्ही पांढरे. मळ माझ्याही मानेवर नव्हता, सेठच्याही नाही."

ज्या बाजाराने इतके महिने त्याची मान घासली होती तो बाजार दोन बोळ्यांकडे बघत होता. धोतराचा सोगा ओढणारा म्हातारा पायाकडे पाहू लागला.

"मंग शेट," मोतीबाई म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, "तुमी सोच्छ हाव. पन सोच्छ हाव त आजारी हाव. जा दाक्तराकडं. आजार काय तुमचं नाय आयकनार, तुमी किसनचं आयका."

सेठने मान वळवून किसनकडे पाहिलं. त्याच्या बरगड्यांवरून फेस खाली उतरत होता.

"साफ है?"

"साफ आहे, सेठ."

"साफ है, तो फिर क्या है?"

"तेच बघायला मुंबईला जायचं. मी येतो."

खूबचंद सेठ तिथेच, बाजाराच्या मधोमध, पाटावर बसून रडला. किसनने त्याला स्वतःच्या टॉवेलने पुसलं आणि त्याच टॉवेलने मग आपले हात पुसले.

दुर्बिणीने जे दाखवलं ते शालनताईंनी सांगितलं होतं तेच. जठरात गाठ. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, मानेवर हे दिसेपर्यंत बहुतेकांना उशीर झालेला असतो. यांची गाठ अजून कापून काढण्यासारखी आहे, पुढचं पुढे बघू. जठराचा मोठा भाग काढला. किसनने हॉस्पिटलच्या ओसरीत दिवस काढले, गोळ्या वेळेवर घेत, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या माना बघत.

गाठ गेली आणि मागोमाग सेठची मान उजळायला लागली. खाज आधी गेली, मग काळेपण. महिन्याभरात गळा बराच मोकळा दिसू लागला, आणि सेठ भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा की मुंबईला पोटातून साबण लावतात. किसनची मान मात्र सावकाशच होती, आली तशीच. पोट उतरलं, साखर आटोक्यात आली, तेव्हा कुठे ती थोडी फिकी झाली. पुरती गेली नाही. त्याने ते मनाला लावून घेतलं नाही.

'दोन बदकं स्पेशल' बंद झाला. ठशातली बदकं राहिली. बाजारात आता किसन पुन्हा नुसता हात धुवायचा, आणि कुणी मानेकडे बोट दाखवलं तर बोलायचं काम मोतीबाई करायची.

सेठ पुन्हा कारखान्यात आला त्या दिवशी चहावाला आला. जाळीत ग्लास होते, त्यात तो लाल ठिपक्याचाही. कुणी तो फोडला नव्हता. फोडायची अट सगळे विसरले होते, किसन सोडून. चहावाल्याने सवयीने तो किसनपुढे सरकवायला हात घातला.

सेठने तो मधेच घेतला. त्यात किसनचा बिनसाखरेचा चहा ओतायला लावला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"फीका है," तो म्हणाला.

आणि तोच ग्लास त्याने किसनच्या हातात दिला. किसनने उरलेला चहा प्यायला.